चेंडू २.७ ग्रॅमचा, जडत्व साडेएकोणीस ग्रॅमचं: प्रकल्प नोंदी

२ मे, धरमपेठ, नागपूर

टेबल टेनिसचा चेंडू पाण्याखाली धरून सोडला, तर सुटल्या क्षणी त्याचं त्वरण किती असेल? भाची सुट्टीत आली आहे, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष नुकतंच संपलंय. तिने दोन ओळींत उत्तर काढलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

चेंडूचा व्यास ४० मिमी आणि वस्तुमान २.७ ग्रॅम. हे दोन्ही आकडे खेळाच्या नियमातलेच आहेत. आकारमान ३३.५ घनसेंमी येतं, म्हणजे चेंडू ३३.५ ग्रॅम पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या हिशेबाने ३३.५ ग्रॅमच्या वजनाएवढं बल त्याला वर लोटतं आणि २.७ ग्रॅमचं स्वतःचं वजन खाली ओढतं. उरलं ३०.८ ग्रॅमचं. नागपूरला g ९.७९ धरला की हे बल ०.३०१५ न्यूटन होतं. त्याला ०.००२७ किलोने भागलं की उत्तर ११२ मी/से².

"मामा, g च्या अकरा पटींहून जास्त! बरोबर आहे ना?"

भागाकार बरोबर आहे. पण हे खरं असेल तर चेंडूने पहिला सेंटिमीटर साधारण १३ मिलिसेकंदांत कापायला हवा. फोनच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम पडतात, म्हणजे तेवढ्या वेळात जेमतेम तीन. रात्री बादलीत चेंडू बोटांनी दाबून सोडला आणि व्हिडिओ काढला, तर पहिला सेंटिमीटर पार व्हायला आठ-नऊ फ्रेम लागल्या. बोटांनी सोडणं हे काही मोजमाप नव्हे, पण एवढा फरक बोटांच्या नावावर खपवता येत नाही.

बल मोजण्यात काही राहिलेलं नाही. भागताना खाली जे वस्तुमान घेतलंय, ते अपुरं आहे. चेंडू वर सरकायचा तर त्याच्या डोक्यावरचं पाणी बाजूला व्हायला हवं, कडेने खाली यायला हवं आणि चेंडूने सोडलेली जागा भरायला हवी. चेंडूला वेग आला की या पाण्यालाही वेग येतो, आणि तो वेग देणारं बल तेच, ०.३०१५ न्यूटन. वहीतल्या हिशेबात पाणी चेंडूला वर लोटतं, पण स्वतः मात्र जागचं हलत नाही.

३ मे

आज सगळा दिवस कागदावर गेला. किती पाणी हलतं, हे विचारण्यापेक्षा हलणाऱ्या पाण्यात किती गतिज ऊर्जा आहे, हे विचारलेलं बरं. कारण पाण्याचा प्रत्येक थेंब वेगळ्या वेगाने हलतो. चेंडूलगतचा जोरात, दूरचा जवळजवळ नाहीच. "इतकं पाणी चेंडूबरोबर चालतं" असं बोट ठेवून दाखवता येईल असा भाग पाण्यात कुठेच नाही.

चेंडूची त्रिज्या R आणि वेग v धरू. सुरुवातीच्या क्षणी पाण्यात भोवरे नसतात आणि चिकटपणाचा परिणाम चेंडूलगतच्या अगदी पातळ थरापुरताच असतो. अशा वेळी केंद्रापासून r अंतरावर पाण्याचा वेग असा येतो:

```
u_r = v (R³/r³) cosθ
u_θ = ½ v (R³/r³) sinθ
```

θ म्हणजे चेंडूच्या गतीच्या दिशेपासून मोजलेला कोन. चेंडूच्या माथ्यावर θ शून्य आणि r = R घातलं की पाण्याचा वेग v येतो, म्हणजे माथ्याला लागून असलेलं पाणी चेंडूच्याच वेगाने वर जातं. तसंच व्हायला हवं, नाहीतर मध्ये पोकळी पडेल. चेंडूच्या पोटापाशी, θ ९० अंश असताना, पाणी अर्ध्या वेगाने खाली येतं. भाचीला हे आधी पटेना, म्हणून तिला पाण्यात चहाची पत्ती टाकून चेंडू हळूच वर न्यायला लावला. कडेची पत्ती खाली उतरताना तिने स्वतः पाहिली.

आता या वेगांचे वर्ग करून चेंडूच्या पृष्ठभागापासून थेट अनंतापर्यंत बेरीज करायची. कोनाचा भाग सुटसुटीत आहे: cos² मधून २/३, sin² च्या पाव पटीतून १/३, मिळून बरोबर १. अंतराच्या भागात 1/r⁴ चं संकलन उरतं आणि ते 1/(3R³) देतं. शेवटी, पाण्याची घनता ρ धरली की त्याची गतिज ऊर्जा अशी निघते:

```
KE = ½ · (⅔ π ρ R³) · v²
```

कंसातली राशी वस्तुमानाच्या जागी बसली आहे. गोलाचं आकारमान (4/3)πR³, म्हणजे ही राशी त्याने सारलेल्या पाण्याच्या बरोबर निम्मी झाली. आपल्या चेंडूसाठी ३३.५ चे निम्मे, पावणेसतरा ग्रॅम. यालाच ॲडेड मास किंवा वाढीव वस्तुमान म्हणतात. निम्मं हे प्रमाण फक्त गोलासाठी आहे. लांबट सिलिंडर आडवा ढकलला तर सारलेल्या पाण्याइतकंच पूर्ण वस्तुमान वाढतं. पातळ चकतीचं स्वतःचं आकारमान जवळपास शून्य, तरी सपाट बाजूने ढकलताना तिलाही भरपूर वाढीव वस्तुमान असतं. म्हणजे बाब आकाराची आणि दिशेची आहे, नुसत्या आकारमानाची नाही.

याच बेरजेतून आणखी एक गोष्ट निघाली आणि पुढच्या मांडणीसाठी ती फार कामाची आहे. संकलन अनंताऐवजी r = 2R पाशी थांबवलं, तर एकूण ऊर्जेच्या ७/८ ऊर्जा तेवढ्यातच येते. चेंडूच्या पृष्ठभागापासून २ सेंमीच्या आत जवळजवळ सगळा खेळ संपतो. त्यामुळे फार मोठी टाकी लागणार नाही, पण भिंती अगदी जवळ असून चालणार नाहीत.

या शोधाचा इतिहास लंबकातून येतो. खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८२८ मध्ये दाखवलं की हवेत झुलणाऱ्या लंबकासाठी उत्प्लावनाची दुरुस्ती पुरत नाही, सोबत हलणाऱ्या हवेचं जडत्वही धरावं लागतं. फ्रान्सच्या द्यु ब्युआने १७८६ मध्येच पाण्यात गोळे झुलवून हे पाहिलं होतं, पण पुढे ते बहुतेकांच्या विस्मरणात गेलं.

५ मे

नवा हिशेब, V चेंडूचं आकारमान आणि m त्याचं वस्तुमान धरून:

```
a = (ρV − m) g / (m + ½ρV)
```

वरचं बल तेच राहिलं, ०.३०१५ न्यूटन. खाली २.७ अधिक १६.७५, म्हणजे १९.४५ ग्रॅम. त्वरण १५.५ मी/से², g च्या सुमारे १.६ पट. पहिल्या सेंटिमीटरला ३६ मिलिसेकंद, म्हणजे साडेआठ फ्रेम. बादलीतल्या व्हिडिओत दिसलं होतं तेच.

सूत्र दोन्ही टोकांना ताणून पाहिलं. चेंडूचं वस्तुमान शून्य केलं तर साध्या हिशेबात त्वरण अनंत होतं आणि या सूत्रात 2g वर थांबतं. हलकेपणाची मर्यादा पाणी ठरवतं, चेंडू नाही. उलट बाजूने, त्याच मापाचा पोलादी गोळा २६३ ग्रॅमचा होतो. त्याला पावणेसतरा ग्रॅम म्हणजे सहा-साडेसहा टक्के. तो बुडताना 0.87g ऐवजी 0.82g ने सुरू होईल, आणि नुसत्या नजरेला काही कळणार नाही. हवेत तर आपल्या चेंडूलाही वाढीव वस्तुमान जेमतेम ०.०२ ग्रॅम. म्हणूनच टेबलावर खेळताना हे कधी जाणवत नाही. जड पाणी आणि हलका गोळा अशी जोडी जमली, तरच वाढीव वस्तुमान मूळ वस्तुमानाला झाकून टाकतं. इथे ते सहा पटींहून जास्त आहे.

संध्याकाळी शेजारचे काका आले. ते पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेत, पंप आणि पाइप यांत आयुष्य गेलं. वही बघून म्हणाले, "एवढं काहून करून राहिले? पाण्याचा ड्रॅग आहे तो, बाकी काही नाही."

शंका रास्त आहे, आणि ती निस्तरल्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही. ड्रॅग, म्हणजे चालत्या वस्तूला पाण्याचा होणारा विरोध, वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो आणि वेग शून्य असताना तोही शून्य असतो. या चेंडूचा अंतिम वेग सेकंदाला साधारण १ मीटर येतो (ड्रॅग गुणांक ०.४५ धरून). आता काकांच्या बाजूने हिशेब करू. वाढीव वस्तुमान नाहीच, फक्त २.७ ग्रॅम आणि पहिल्या क्षणापासून पूर्ण ड्रॅग. तरी चेंडू १६.७ मिलिसेकंदांत, म्हणजे चार फ्रेममध्ये, जवळजवळ ११ मिमी वर जायला हवा. वाढीव वस्तुमानाच्या हिशेबाने तेवढ्याच वेळात जातो फक्त २.१ मिमी. दोघांत पाच पट अंतर आहे. पहिल्या चार फ्रेम नीट मोजल्या की निकाल लागेल. काका म्हणाले, "मोजा मग."

७ मे

मांडणी. दोन फुटी फिशटँक, ३० सेंमी रुंद, पाणी ३६ सेंमी. तळाशी एक किलोचं किराणा दुकानातलं लोखंडी वजन, त्याच्या कडीला शिवणाचा साधा दोरा, आणि दोऱ्याचं दुसरं टोक चेंडूच्या बुडाला फेव्हिक्विकच्या थेंबाने चिकटवलेलं. चेंडूचं केंद्र तळापासून १८ सेंमीवर राहतं. वरची पातळी आणि बाजूच्या काचा कुठेही १५ सेंमीपेक्षा जवळ नाहीत, त्यामुळे भिंतींचा परिणाम एक टक्क्याच्या आत राहील.

सगळी मेख सोडण्यात आहे. बोटं बाद, कारण बोटं उघडतानाच पाणी हलवतात. चेंडू सुटतो ते आधीच चालत्या पाण्यात, आणि बोटांचा वेग दर वेळी वेगळा. त्याऐवजी स्टीलच्या फूटपट्टीच्या टोकाला अर्धं ब्लेड बसवलं. फूटपट्टी आधीच पाण्यात उतरवायची, पाणी पूर्ण शांत होऊ द्यायचं, आणि मग वजनाच्या कडीपाशी, चेंडूपासून बरंच खाली, ब्लेड दोऱ्याला टेकवायचं. दोऱ्यावर ३१ ग्रॅमचा ताण असतो, त्यामुळे नुसत्या स्पर्शाने तो तुटतो. मागे लोंबणारा दोरा इतका हलका की हिशेबात धरायची गरज नाही.

पाणी शांत होणं हे मे महिन्याच्या नागपुरात वेगळंच प्रकरण आहे. डेझर्ट कूलर चालू असला की त्याच्या पंपाची थरथर फरशीतून टाकीपर्यंत येते आणि पृष्ठभागावर बारीक लाटा दिसतात. म्हणजे प्रत्येक व्हिडिओला कूलर बंद. भाचीने हे विज्ञानासाठीचं सर्वात मोठं बलिदान म्हणून वहीत नोंदवलंय.

दुसरा त्रास हवेच्या बुडबुड्यांचा. गच्चीवरच्या टाकीचं गरम पाणी भरलं की त्यातली विरघळलेली हवा सुटते आणि चेंडूवर मोत्यांसारखी बसते. ती राहिली तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि चेंडूची कडही धूसर दिसते. पाणी आदल्या रात्री भरून ठेवायचं आणि सोडण्याआधी रंगाच्या मऊ ब्रशने चेंडू पुसायचा.

८ मे

आधी कॅमेऱ्याची परीक्षा. काही फोन स्लो-मोशनमध्ये मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतात. आपल्याला तर पहिल्या पाच-सात फ्रेमवरच सगळं ठरवायचंय. त्यामुळे काचेची गोटी हवेत सोडून तिचा व्हिडिओ Tracker या व्हिडिओवरून हालचाल मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोजला. लांबीचं माप म्हणून गोटीचाच व्यास घेतला. त्वरण ९.७ आलं. म्हणजे फ्रेमची वेळ आणि पिक्सेलचं माप दोन्ही विश्वासाचे.

पाण्यातही लांबीचं माप चेंडूच्या ४० मिमी व्यासावरूनच घ्यायचं. काचेवर चिकटवलेली पट्टी चालणार नाही. पट्टी कॅमेऱ्याला जवळ आणि चेंडू लांब, शिवाय मध्ये पाण्याचं वक्रीभवन. तेवढ्यानेच माप पाच-दहा टक्के सहज चुकेल.

१० मे

पहिला व्यवस्थित व्हिडिओ. दोरा नेमका कोणत्या क्षणी तुटला हे कळत नाही, तो दोन फ्रेमच्या मध्ये कुठेतरी तुटतो. एका फ्रेमचा अंदाज चुकला तरी x = ½at² मधून काढलेलं त्वरण पार बिघडतं. त्यावर सोपा इलाज: x चं वर्गमूळ काढायचं. त्वरण स्थिर असेल तर √x वेळेबरोबर सरळ रेषेत वाढतं, आणि रेषेचा चढ सुटण्याचा क्षण माहीत नसला तरी बदलत नाही. चढाचा वर्ग करून दुप्पट केली की त्वरण मिळालं.

हालचाल दिसू लागल्यापासून चौथ्या ते सातव्या फ्रेमपर्यंत चेंडू १.६, २.६, ३.९ आणि ५.४ मिमी वर होता. वर्गमुळं १.२६, १.६१, १.९७, २.३२. तीन फ्रेममध्ये १.०६ ने वाढ, म्हणजे फ्रेममागे ०.३५३. फ्रेमचा काळ ४.१७ मिलिसेकंद. त्वरण १४.४ मी/से².

पहिल्या तीन फ्रेम मुद्दाम घेतल्या नाहीत. तिथे चेंडू मिलिमीटरभरही हललेला नसतो आणि कड ठरवण्यात पिक्सेलभर चूक झाली तरी वर्गमूळ खूप हलतं. पुढच्या टोकाला दोन-अडीच सेंटिमीटरनंतर रेषा स्पष्ट खाली वाकते. तो खरा ड्रॅग. काका म्हणतात तो आहे, पण उशिरा येतो. त्याच्याही पुढे चेंडू सरळ न जाता नागमोडी जाऊ लागतो, कारण मागच्या भोवऱ्यांनी तो डावीकडे-उजवीकडे ढकलला जातो. तिथलं काहीच वापरायचं नाही.

बाकीचे व्हिडिओ मिळून सरासरी १४.६ आली, एकमेकांत तीनेक टक्क्यांचा फरक. यावरून उलटं जाऊन वाढीव वस्तुमान काढलं: ३०१.५ भागिले १४.६ म्हणजे २०.६५ ग्रॅम एकूण जडत्व, वजा २.७, उरले १७.९५ ग्रॅम. कागदावरचं उत्तर १६.७५ होतं. म्हणजे सातेक टक्के जास्त.

हे जास्तीचं कुठून आलं? टाकीच्या भिंती एवढा फरक पाडत नाहीत. परवाच्या बेरजेत पाणी चेंडूवरून बिनघर्षण घसरतं असं धरलं होतं. प्रत्यक्षात चेंडूला लागून असलेला पाण्याचा पातळ थर त्याच्याबरोबर ओढला जातो. तीस मिलिसेकंदांत त्याची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी होते, आणि त्वरणाच्या काळात हा थर वाढत असल्याने बलातला काही भाग खातो. या चेंडूसाठी, या वेळेत, तो हिस्सा पाच ते सात टक्के निघतो. दिशा बरोबर, मापही बरोबर. उरलेलं फ्रेम मोजण्यातल्या चुकीत बसतं. काकांना चारही फ्रेम छापून दाखवल्या. चौथ्या फ्रेमला ११ मिमी हवे होते, आहेत १.६. त्यांनी चष्मा काढून जवळून पाहिलं आणि चहा मागितला.

१२ मे

एका चेंडूवर सूत्र जुळलं म्हणून ते खरं ठरत नाही, म्हणून आज चेंडूचं वस्तुमान दुप्पट केलं. बुडाला सुईने भोक पाडून सोल्डरच्या तारेचे तुकडे आत सोडले आणि ते ग्लू-गनने बुडाशीच बसवले. सराफी काट्यावर एकूण ५.४० ग्रॅम. पाणी भरलं नाही, कारण अर्धवट भरलेलं पाणी आत हिंदकळतं आणि तो तिसराच प्रश्न होऊन बसतो.

साध्या हिशेबाने वस्तुमान दुप्पट केल्यावर त्वरण निम्म्याखाली यायला हवं, ११२ वरून ५१. वाढीव वस्तुमानाच्या हिशेबात मात्र एकूण जडत्व १९.४५ वरून २२.१५ एवढंच होतं आणि बल थोडं कमी होऊन २८.१ ग्रॅमचं उरतं. त्वरण १५.५ वरून १२.४, म्हणजे फक्त वीस टक्क्यांनी घसरायला हवं. या तुलनेचा फायदा असा की लांबीच्या मापात थोडी चूक असली तरी ती दोन्हीकडे सारखीच राहते आणि गुणोत्तरातून निघून जाते.

मोजलं ११.८. आधीच्या १४.६ च्या तुलनेत ०.८१. हिशेबाने ०.८० हवं होतं.

उलट काढलेलं वाढीव वस्तुमान १७.९ ग्रॅम, म्हणजे रिकाम्या चेंडूइतकंच. चेंडूच्या पोटात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, बाहेरचा आकार तोच तर पावणेसतरा (आणि वर थोडं) तेच. आजच्या दिवसातला मला सर्वात आवडलेला आकडा हा.

१३ मे

रात्री जेवताना भाचीने तिच्या मैत्रिणीला फोनवर समजावलं: "बर्डीवर संध्याकाळी गर्दीतून चालतो ना, तसं. लोकांना सरकवत जायचं म्हणून जड वाटतं." ऐकायला छान आहे, पण मी ते खोडलं. गर्दीत एकाच चालीने चालतानाही दम लागतो. वाढीव वस्तुमान एकाच चालीने जाताना काहीच विरोध करत नाही. चेंडू स्थिर वेगाने जात असेल तर समोरच्या पाण्याला जेवढी ऊर्जा द्यावी लागते, तेवढीच मागचं पाणी मिटत येताना परत करतं. विरोध फक्त वेग बदलताना, आणि तोही दोन्ही बाजूंनी. वेगात असलेला चेंडू थांबवायला गेलात तर पाणी त्याला पुढे रेटतं. गर्दी तसं कधी करत नाही.

मग तिने नेमका प्रश्न विचारला: हे बल चेंडूला जाणवतं कुठून? दाबातून. चेंडूचा वेग वाढत असताना माथ्याकडे पाण्याचा दाब वाढतो आणि बुडाकडे कमी होतो. पृष्ठभागभर या फरकाची बेरीज केली की त्वरणाच्या प्रमाणात, त्वरणाच्या उलट दिशेने बल येतं. त्वरण थांबलं की हा फरक जातो. दोऱ्याला बांधलेला स्थिर चेंडू काट्यावर तोलला, तर त्यात हे पावणेसतरा ग्रॅम कधीच दिसणार नाहीत. वजनात त्यांचा वाटा शून्य, जडत्वात मात्र सहा-सप्तमांश.

१६ मे

शेवटचं मोजमाप भिंतीचं. ऊर्जा चेंडूपासून २ सेंमीच्या आत असेल, तर तिथे काच आणल्यावर पाण्याला फिरायला जागा कमी पडेल, ते जास्त वेगाने पळेल आणि वाढीव वस्तुमान वाढेल. भिंतीला समांतर जाणाऱ्या गोलासाठी ही वाढ (3/16)(R/h)³ एवढी येते, h म्हणजे केंद्रापासून काचेपर्यंतचं अंतर. सूत्र दूरच्या भिंतीसाठी काढलेलं आहे. अगदी जवळ ते थोडं कमी सांगतं, पण अंदाजाला पुरतं.

वजन मागच्या काचेकडे सरकवून चेंडू आणि काच यांत २ मिमीची फट ठेवली. h = २२ मिमी, वाढ १४ टक्के, वाढीव वस्तुमान १९.१ ग्रॅम. रिकाम्या चेंडूचं त्वरण १५.५ वरून १३.८ व्हावं, गुणोत्तर ०.८९. मोजलेली सरासरी १३.१ आली. १४.६ ने भागलं की ०.९०. फरक आपल्या तीन टक्क्यांच्या चुकीपेक्षा मोठा आहे, तेव्हा भिंत दिसली असं म्हणायला हरकत नाही. अंतर १ सेंमी ठेवलं असतं, तर जेमतेम साडेचार टक्के फरक पडला असता आणि तो चुकीत हरवला असता.

इथे एक नवी अडचण: चेंडूला वेग आला की तो काचेकडे खेचला जातो. फटीतलं पाणी जास्त वेगाने पळतं आणि तिथला दाब उतरतो. काही व्हिडिओंत चेंडू काचेला घासून वर गेला. ते सगळे बाजूला काढले आणि चेंडू काचेला टेकण्याआधीच्या फ्रेमच घेतल्या. कॅमेरा समोरून असल्याने टेकणं दिसत नाही, त्यासाठी दुसरा फोन बाजूने लावावा लागला. काकांनी आपला दिला, आणि व्हिडिओ संपेपर्यंत कूलर बंद ठेवायलाही तयार झाले.

भाची उद्या अकोल्याला परत जाते. सोल्डरवाला चेंडू आणि सगळ्या फ्रेमची फाइल ती घेऊन जाणार आहे. तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंच काचेचा सिलिंडर आहे म्हणते. त्याचा आतला व्यास ८ सेंमी असेल, तर चारी बाजूंनी भिंत एकदम जवळ येईल आणि वाढीव वस्तुमान इथल्यापेक्षा बरंच वाढेल. किती, ते तिने आधी कागदावर काढून मला पाठवायचं, मग सोडायचा चेंडू.